बारा अक्षरांची ओळ

शिल्पाच्या शाळेतल्या काव्यस्पर्धेचं परीक्षण यंदा माझ्या गळ्यात पडलं. प्रतिमा, लय आणि नावीन्य, प्रत्येकी 10 गुण. सातवीतल्या एका मुलीचं हे कडवं मी कट्ट्यावर वाचलं आणि वादाला तोंड फुटलं:

आला पाऊस धावत
मोर लागले नाचाया
गळक्या छपराखाली
पातेलं रात्रभर थेंब मोजतं

नानांनी लगेच बोटांवर अक्षरं मोजली. "पहिल्या तीन ओळी आठ-आठ अक्षरांच्या. शेवटची बारा! लयीला चार. वर एक नाही."

"नाना, चार कडव्यांत ही एकच ओळ घसरलीय," मी म्हटलं. "बाकी सगळीकडे अष्टाक्षरी चोख आहे. जोडाक्षर एकच धरायचं, हेही तिला कळतं. मी सात देणार."

"आणि मोर?" संज्या मध्येच. "त्या चाळीत मोर कुठून आला? प्रतिमेचेही काप, नावीन्याचेही काप."

हे मला पटेना. एकाच मोरासाठी दोनदा दंड कशाला? मोर डोळ्यांसमोर येतो, पण तो पाठ्यपुस्तकातला आहे, म्हणून कापायचे ते नावीन्यात. प्रतिमेसाठी पातेलं बघायचं. गरिबी हा शब्दही न वापरता तिनं गळकं घर आणि जागी रात्र दाखवली. प्रतिमेला आठ, नावीन्याला सात.

"शेऱ्यात काय लिहिलंस?" शिल्पानं विचारलं. "'छान, असंच लिहीत राहा' नको हं. मुलं ते वाचतसुद्धा नाहीत."

मी वाचून दाखवलं: 'थेंब मोजणारं पातेलं फार आवडलं, ते तुझ्या स्वतःच्या नजरेचं आहे. ती ओळ मोठ्यानं वाच, जीभ कुठे अडखळते बघ, मग अक्षरं मोज. आणि तुझ्या घराजवळ पाऊस आला की कोण नाचतं?'

"मोर घासून गुळगुळीत झालाय, असं सरळ लिही की," नाना.

"असं लिहिलं तर ती मोर खोडेल आणि तिथे कोकीळ आणेल. प्रश्न विचारला तर खिडकीबाहेर बघेल."

"मग ओळ तरी सुधारून दे. 'गळक्या घरात रात्री, थेंब मोजतं पातेलं.' बसली ना आठात?"

बसली, आणि बरी बसली. म्हणूनच शेऱ्यात लिहायची नाही. पुढच्या वेळी मुलगी नानांची कविता लिहील.

खरी अडचण दुसऱ्या कवितेची होती. तिची अक्षरं एकूणएक बरोबर, पण आत इंद्रधनुष्य, हिरवा शालू, सगळं ठरलेलं. लयीला दहा, प्रतिमेला पाच, नावीन्याला चार, म्हणजे एकोणीस. माझ्या हिशेबानं पातेल्याला बावीस. नानांचे चार धरले तर तीही एकोणीसवर येते.

"बरोबरी झाली तर पहिला कोण?" संज्यानं विचारलं.

शिल्पा म्हणाली, नियम स्पर्धेआधीच कागदावर आहे: बरोबरीत प्रतिमेचे गुण बघायचे.

"हा नियम केला कोणी?" नाना उसळले.