भाषांतर बरोबर होतं, तरी पेशंट हातचा जात होता

"हँडओव्हर नोटचं शब्दाला शब्द मराठी करून फाइलला लावा, अर्जंट असेल ते लाल पेनाने लिहा, स्टाफ जे म्हणते ते तसंच इंग्रजीत डॉक्टरला सांगा. झालं काम."

वॉर्डातल्या भाषांतराबद्दल असंच सांगतात. एवढ्याने काम नाही होत. यवतमाळकडे ग्रामीण रुग्णालयात नाइट करते मी, कपाशीच्या फवारणीत विषबाधेचे पेशंट येतातच, त्यातल्या एकाचं सांगते. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात गेलेलं, दुसरी रात्र, उताऱ्याचं अ‍ॅट्रोपिन चालू, लाळ-घाम थांबलेला, म्हणून सगळ्यांना वाटलं सुधारला. डॉक्टरांच्या इंग्रजी नोटचं मराठी असं झालं होतं: "मानेच्या कमजोरीकडे लक्ष ठेवा, गरज पडल्यास कळवा."

शब्द एकही चुकला नाही. पण आपल्याकडे कमजोरी म्हणजे दर दुसरा पेशंट सांगते तीच, जेवला की जाते ती. डॉक्टरांना म्हणायचं होतं की हे विष अंगात गेल्यावर साधारण २४ ते ९६ तासांत आधी मान ढिली पडू शकते अन् मग श्वासाचे स्नायू, त्याला अ‍ॅट्रोपिन उपयोगाचं नाही, व्हेंटिलेटरच लागते, अन् तो आमच्याकडे नाही. इंग्रजी नोटमधल्या "एसओएस"चं "गरज पडल्यास" केलं की गरज पडली का नाही हे रात्री दोन वाजता मावशीने ठरवायचं, डॉक्टरला उठवायची भीती मनात ठेवून.

हँडओव्हरचा एसबार नमुना असतो, परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज अन् शिफारस, त्या चार खान्यांत काय करायचं ते शेवटी येते. वॉर्डाच्या मराठी कागदावर मी ते पहिल्या ओळीत घेते: "दर तासाला उताणं झोपवून डोकं उशीवरून उचलायला सांगा. उचललं नाही किंवा धरवलं नाही तर लगेच डॉक्टरला फोन, सकाळची वाट पाहू नका. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा." यात कमजोरी शब्दच नाही.

लाल पेनाचं म्हणाल तर आठवडाभरात नातेवाइकाचा नंबरही लाल पेनानेच लिहिलेला होता.

अन् पेशंटचं बोलणं डॉक्टरला सांगायचं, त्या बाजूचं तर जास्त वाईट. त्या रात्री भाऊ म्हणाला, "सिस्टर, याचा जीव घाबरून राहिला." फोनवर डॉक्टरला सांगितलं गेलं, पेशंट अँक्शस आहे. ते म्हणाले धीर द्या, झोपेचं द्यायचं का पाहू. जीव घाबरणं म्हणजे भीती नाही हो, श्वास पुरत नाही! झोपेचं दिलं असतं तर उरलेला श्वासही गेला असता. मी डोकं उचलायला लावलं, हनुवटी हललीच नाही. १०८ बोलावली, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत नेला, वाचला.

तेव्हापासून पेशंटचे शब्द तसेच मराठीत सांगते अन् सोबत मोजलेला श्वास. ड्युटी बदलताना नोट वाचून दाखवत नाही, विचारते, "ताई, दोन वाजता काय पाहाल?"

"डोकं उचलायला लावतो."

"नाही उचललं तर?"

"आधी फोन करतो, अन् बॅग उशाशी काढून ठेवतो."