बाईंनी हात वर करू नये म्हणून

तुमची चाचणी चांगली आहे, औषध नवं आहे, प्रायोजकाला घाई आहे. आता रुग्णांचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी तेवढी राहिली. कमिटीतल्या डॉक्टरांची काळजी नको, ते चाचणीचा सारांश वाचत नाहीत. वकीलसाहेब थेट विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या पानावर जातात. खरा धोका सामान्य नागरिक म्हणून नेमलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा आहे. त्या कागद घरी नेतात, वाचतात आणि पेन्सिलीने खुणा करून आणतात.

त्यांना टाळून मीटिंग उरकण्याचा मार्ग औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनी बंद केला आहे. समितीत किमान ७ सदस्य हवेत, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. शिवाय सामान्य नागरिक हजर नसेल तर कोरमच होत नाही. म्हणजे बाईंना बोलवावंच लागणार, चहा द्यावाच लागणार. पण धीर सोडू नका. त्या आल्या होत्या हे हजेरीपत्रकात येतं. त्यांना काय कळलं याचा रकाना तिथे नसतो. आपलं सगळं काम त्या न छापलेल्या रकान्यात आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, चाचणी मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या लघवीच्या संसर्गावर आहे. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर दुखणं, उलट्या. जंतू साध्या गोळ्यांना दाद देत नसेल तर आज एर्टापेनेमसारखं औषध शिरेतून द्यावं लागतं, दिवसातून एकदा, सुमारे अर्धा तास. तुमच्या प्रायोजकाकडे त्याच घराण्यातली तोंडाने घ्यायची गोळी आहे. ८०० रुग्ण, अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना इंजेक्शन, ७ दिवस उपचार. नाशिकच्या केंद्रावर ६० रुग्ण अपेक्षित आहेत.

चाचणीचा सविस्तर आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, दीडशे पानांचा आहे आणि बाईंसाठी चार पानांचा सारांश लिहायचा आहे. नवखा संयोजक इथे प्रोटोकॉल मिटून, पेन घेऊन, 'नेमकं काय करतोय आपण?' असा विचार करायला बसतो. हे अगदी टाळा. प्रोटोकॉलच्या सुरुवातीचा गोषवारा उचला, भाषांतर करणाऱ्याकडे पाठवा, आणि परत आल्यावर अक्षरांचा आकार १४ करा.

मग त्यात असं एक वाक्य आपोआप येईल: 'प्राथमिक निष्पत्ती ही टेस्ट ऑफ क्युअर भेटीच्या वेळचा संयुक्त प्रतिसाद असून, दोन गटांतील फरकाच्या ९५ टक्के विश्वास-अंतरालाची खालची मर्यादा उणे १० टक्क्यांच्या वर राहिल्यास नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली असे मानण्यात येईल.' या वाक्याला हात लावू नका. त्यात एकही चूक नाही, हेच त्याचं बळ. कोणी आक्षेप घेतला तर 'सगळं लिहिलंय की' म्हणता येतं. आणि चाचणीतला सर्वांत वादग्रस्त निर्णय त्यात असा निजवलेला आहे की शेजारून मोर्चा गेला तरी उठणार नाही.

तो निर्णय कोणता, ते तुम्हाला सांगतो. बाईंना सांगू नका.

पुढचा मजकूर सारांशात कधीही येता कामा नये: 'गोळी इंजेक्शनपेक्षा चांगली आहे हे आम्हाला दाखवायचं नाही. ती फार कमी पडत नाही एवढंच दाखवायचं आहे. इंजेक्शनने शंभरातले साधारण ८० जण बरे होतील असा आमचा अंदाज आहे. बरं होणं म्हणजे त्रास थांबणं आणि लघवीच्या तपासणीतून जंतू जाणं, दोन्ही. त्यामुळे उरलेले २० सगळेच आजारी असतील असं नाही. काहींना बरं वाटत असेल, पण जंतू उरलेला असेल. गोळीने शंभरामागे १० पर्यंत कमी लोक बरे झाले तरी चालेल, ही मर्यादा आम्ही आधीच आखली आहे. चाचणीत ८० विरुद्ध ७७ असा निकाल आला, तर मोजणीतली अनिश्चितता धरून खरा फरक शंभरामागे जवळजवळ ९ रुग्णांचा असू शकतो. तरीही आम्ही चाचणी यशस्वी झाली असं म्हणू. त्याच्या बदल्यात पुढच्या रुग्णांना सुई न टोचता घरी राहून उपचार घेता येतील.'

बघा किती घातक आहे. आठवी पास माणसालाही हे कळेल. बाई लगेच विचारणार, 'डॉक्टर, म्हणजे काठावर पास चालेल असं आधीच ठरवलंय का? आणि हे १० कोणी ठरवले?'

याचं खरं उत्तर असं. हा आकडा ठरवताना दोन गोष्टी बघतात. पहिली, जुन्या औषधाचा काहीच न देण्यापेक्षा किती फायदा होतो. गोळीला दिलेली ही १० ची सूट त्या फायद्याहून बरीच कमी हवी, नाहीतर नुसती साखरेची गोळीही पास होईल. हे काम जुन्या अभ्यासांवरून संख्याशास्त्रज्ञ करतात, आणि या आजाराच्या प्रतिजैविकांसाठी १० ची मर्यादा सर्रास वापरली जाते. दुसरी, सोयीच्या बदल्यात किती नुकसान सोसायला लोक तयार होतील. या दुसऱ्या प्रश्नाला कुठलीच पदवी लागत नाही. त्यावर बोलायला बाई तुमच्या मूत्ररोगतज्ज्ञाइतक्याच लायक आहेत. म्हणूनच तो त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यायचा नसतो. 'आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार' एवढे तीन शब्द टाका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्याही अंगाला बसतं, कोणी निरखून बघितलं नाही तर.

आता दुसरं वाक्य. हे पहिल्याहून लहान आणि निरुपद्रवी दिसणारं आहे: 'चाचणी डबल-ब्लाइंड, डबल-डमी स्वरूपाची आहे.' ते तसंच ठेवा, पुढे पूर्णविराम द्या, आणि नवा परिच्छेद सुरू करा.

कारण त्याचा अर्थ सांगायला गेलात तर असा निघतो. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला कळू नये म्हणून प्रत्येकाला दोन्ही दिलं जातं. इंजेक्शनच्या गटाला खरं इंजेक्शन आणि औषध नसलेल्या गोळ्या. गोळीच्या गटाला खऱ्या गोळ्या आणि रोज शिरेतून नुसतं सलाईन, ७ दिवस. म्हणजे ज्या गोळीचा एकमेव मोठेपणा 'सुई नको, घरी जा' हा आहे, ती घेणाऱ्या ४०० जणांच्या हातात आठवडाभर सुई राहणार. कोणाची शीर सुजणार, कोणाची सुई पुन्हा घालावी लागणार. नुकसानाची शक्यता त्यांची, सोय मात्र पुढे कधीतरी येणाऱ्या दुसऱ्याच रुग्णांची.

यात लबाडी आहे असं मुळीच नाही. 'बरं वाटतंय का?' या प्रश्नाच्या उत्तरावर निकाल अवलंबून असतो तेव्हा कोणाला काय मिळालं हे झाकावं लागतं, नाहीतर इंजेक्शनवर श्रद्धा असलेले रुग्ण आणि डॉक्टर निकाल वाकवतात. उघडपणे चाचणी करून निकाल ठरवणाऱ्याला तेवढं अंधारात ठेवता येतं, पण रुग्णाच्या मनातली श्रद्धा त्याने जात नाही. प्रायोजकाने पहिला रस्ता निवडला, त्याला कारण आहे. ते कारण तीन ओळींत लिहिता आलं असतं. तुम्ही लिहू नका. लिहिलंत की समितीला दोन रस्ते दिसतात, आणि दोन रस्ते दिसले की चर्चा होते, आणि चर्चा झाली की जेवायला तीन वाजतात.

बाई हे वाचून कुठे जातील, ते मी सांगतो. त्या दिंडोरीला जातील. तुमच्या साठांपैकी बऱ्याच बायका तिकडून येणार हे त्यांना माहीत आहे, कारण पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या बायकांच्या मुली त्यांच्या शाळेत होत्या. त्या विचारतील, 'द्राक्षं उतरवायच्या दिवसांत ७ दिवस नाशिकला कोण राहील? रोजाचे पैसे कोण देणार?' आणि तुम्ही सारांशात लिहिलेलं असेल, 'प्रवासखर्चाची प्रतिपूर्ती नियमानुसार.' आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बुडालेल्या मजुरीची भरपाईही बसते, हे बाईंच्या शेजारी बसणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीला ठाऊक असण्याची शक्यता आहे. म्हणून ही ओळ चौथ्या पानाच्या तळाशी, 'गोपनीयता' आणि 'प्रकाशन धोरण' यांच्या मधे बसवा.

एक किरकोळ जागा राहिली. गोळी लागू पडली नाही तर काय? प्रोटोकॉलमध्ये नीट लिहिलंय: तिसऱ्या दिवशी तपासायचं, ताप हटला नसेल तर चाचणीचं औषध थांबवून जंतूच्या अहवालाप्रमाणे दुसरं सुरू करायचं, खर्च प्रायोजकाचा. हे बाईंना आवडेल, म्हणून सारांशात टाकायला हरकत नव्हती. पण गोषवाऱ्यात ते नव्हतं, म्हणून भाषांतरात आलं नाही. असू द्या.

सारांश तयार झाला की तो कमिटीबाहेरच्या कोणालाही वाचायला देऊ नका. काही उपद्रवी लोक तो अकाउंट्समधल्या माणसाला किंवा वॉर्डातल्या मावशींना देतात, कागद बाजूला ठेवायला सांगतात आणि तीनच गोष्टी विचारतात: यात कोणाला काय मिळणार, कोणाचं काय जाणार, आणि बिघडलं तर काय करणार? मावशींना तिन्हीची उत्तरं देता आली तर तुमचा सारांश फसला असं समजा. त्या 'काहीतरी लघवीच्या औषधाचं आहे, चांगलंच असेल' म्हणाल्या, की तो खुशाल पाठवा. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी पाठवला तर उत्तम.

एवढं करूनही बाईंनी हात वर केलाच, तर भांबावू नका. आधी मुख्य संशोधकांना बोलू द्या. ते 'बाई, हा तांत्रिक भाग आहे' म्हणतील. बाई म्हणतील, 'मग सारांश कशाला दिला?' यावर अध्यक्ष घड्याळाकडे बघतील, कारण अजून पाच चाचण्या बाकी असतील. सदस्य-सचिव इतिवृत्तात लिहून घेतील: 'सामान्य सदस्यांनी सारांशाची भाषा सोपी करण्याची सूचना केली.' १० च्या मर्यादेबद्दल, सलाईनबद्दल, मजुरीबद्दल काय विचारलं गेलं, ते इतिवृत्तात येत नाही. सूचना भाषेची झाली म्हणजे उत्तरही भाषेचंच द्यायचं. 'प्रतिपूर्ती' काढून 'परतफेड' करा, 'निष्पत्ती'च्या जागी 'परिणाम' घाला, पहिल्या पानावर आवृत्ती २.० आणि नवी तारीख टाका, आणि सोबतच्या पत्रात लिहा की समितीच्या मौलिक सूचनांचा पूर्णपणे समावेश केला आहे.