पोवई नाक्यावरचा ‘इज’

आमच्या कॉलनीतील एका मुलीची राज्यस्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी निवड झाली. साताऱ्यातून तीन मुली जाणार असून आमची त्यांपैकी एक आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून फ्लेक्सही इंग्रजीत हवा असे समितीने ठरवले आणि ‘तुम्हाला जमतं’ एवढ्याच कारणावरून मजकुराचे काम माझ्या गळ्यात घातले. मी वाक्य लिहिले: ‘शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू आर रिप्रेझेंटिंग सातारा.’

पोवई नाक्याजवळच्या दुकानात संगणकावर बसलेल्या पोराने हे वाक्य टंकले, तेव्हा नातवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला आलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ आपली खुर्ची सरकवत पडद्याजवळ आले. त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

“‘आर’ नाही, ‘इज’,” ते म्हणाले. “वन ऑफ द आलं की नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. आम्ही छडी खाऊन पाठ केलंय हे.”

संताप येण्याचे कारण असे की त्यांचा नियम अगदी बरोबर होता, फक्त तो भलत्या दारात उभा होता. ‘वन ऑफ द स्टुडंट्स इज अब्सेंट’ या वाक्यात गैरहजर आहे ती एकटी ‘वन’, म्हणून तिथे ‘इज’. माझ्या वाक्यात मात्र पहिले ‘इज’ हे ‘शी’चे, आणि दुसरे क्रियापद ‘हू’चे होते. हा ‘हू’ त्याच्या लगेच आधी आलेल्या ‘स्टुडंट्स’च्या जागी उभा आहे. आपल्या ‘जो’चे ‘जे’ होते, ‘जी’चे ‘ज्या’ होते. पण इंग्रजीतील ‘हू’ आणि ‘दॅट’ एकाला आणि अनेकांना एकच तोंड दाखवतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर मागे धावते आणि ठळकपणे दिसणाऱ्या ‘वन’ला जाऊन चिकटते.

हे सगळे मी त्यांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. मग वाक्य उलटे करून दाखवले: “‘ऑफ द स्टुडंट्स हू आर रिप्रेझेंटिंग सातारा, शी इज वन.’ म्हणजे ज्या मुली साताऱ्याचं प्रतिनिधित्व करताहेत, त्यांपैकी ही एक. आता इथं ‘स्टुडंट्स हू इज’ म्हणून बघा, काका.”

काकांनी म्हणून पाहिले. संगणकावरचा पोरगा फिस्सकन हसला. काका हसले नाहीत.

“मग ‘इज’ कधीच येत नाही, असं तुमचं म्हणणं?”

“येतं की! ‘द ओन्ली वन ऑफ द स्टुडंट्स हू इज’ म्हटलं की येतं. शाळेतल्या सगळ्या मुलांमधून एकटीच जाणार असेल तर. तिथं ‘हू’ त्या एकटीकडेच बोट दाखवतो.”

“झालं तर!” काका पोराकडे वळले. “‘ओन्ली’ टाक रे.”

एक ‘इज’ वाचवण्यासाठी हा गृहस्थ दोन निष्पाप मुलींना प्रदर्शनातून गाळायला तयार होता. क्रियापद ठरवण्याआधी ते काम खरोखर किती जण करणार आहेत हे मोजावे, एवढाच या प्रश्नाचा सारांश आहे, आणि तीनपर्यंतची मोजणी छडीशिवायही येते. मी हे बोलणार तोच समितीच्या सचिवांचा फोन आला. दुकानात यंत्राच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी बाहेर गेलो. परत आलो तर यंत्रातून फ्लेक्स हळूहळू बाहेर येत होता आणि त्यावर हातभर उंचीचा ‘इज’ होता. ‘ओन्ली’ नव्हते, एवढीच दया.

“सर, काका म्हणाले तुमचं ठरलंय म्हणून,” पोरगा म्हणाला. “मागं दोन ऑर्डरी हायत ओ.”

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अशा जागी एकवचन वापरणारे इंग्रज लेखक पूर्वीपासून आहेत, चांगले चांगले आहेत, आणि बोलण्यात तर ते सर्रास ऐकू येते. ‘वन’वर भर असला की कान तिकडे ओढला जातो, हे समजण्यासारखे आहे. काकांनी तसा बचाव केला असता तर मी निमूटपणे घरी गेलो असतो. पण त्यांनी बचाव केला नाही, दुरुस्ती केली. आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत जे रूप पसंत केले जाते, तेच चुकीचे म्हणून पुसले.

कॉलनीत फ्लेक्स लागला. तो ‘इज’ कोणाच्याही लक्षात आला नाही, याचे मला चुकीपेक्षा अधिक वाईट वाटले. सत्काराला काकाही आले, कारण ते सचिवांचे व्याही निघाले. फ्लेक्सखाली उभे राहून ते प्रमुख पाहुण्यांना सांगत होते, “अहो, हे वाक्य आधी चुकलं होतं, मी बसून दुरुस्त करून घेतलं.” पाहुण्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटाच्या दराने मी भरले आहेत, आणि समितीने ते मला अजून दिलेले नाहीत.