नाळे बर्री

पँट दोन इंच आखूड करायची, एवढंच काम. बेळगावात शहापुरातल्या टेलरकडे टाकली आणि दुसऱ्या दिवशी आणायला गेलो. तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "नाळे बर्री." उद्या या. हे झालं त्याला तीन आठवडे. त्याला मराठी उत्तम येतं, गिऱ्हाइकाला टोलवायचं असलं की मात्र कानडी.

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. रात्री जेवण झालं की दिवसभरातलं एक काहीतरी त्यात दोन ओळींत टिपतो. पहिल्या ओळीत काय घडलं ते, दुसरीत कोण काय बोललं ते. बोलणं जसंच्या तसं, कानडी तर कानडी. "टेलर नालायक आहे" असं लिहिलं तर महिन्याने त्यातून विनोद निघत नाही. "नाळे बर्री" लिहिलं तर निघू शकतं. बायको विचारते, "हिशेब लिहूलास काय?" एका परीनं हिशेबच.

रविवारी वही उघडून सगळ्यात जास्त टोचलेली नोंद घेतो. या वेळी शोधावी लागली नाही, सहा पानांवर तीच होती. आधी तक्रार एका सरळ वाक्यात मांडली : टेलर रोज उद्या बोलावतो आणि मी रोज जातो. मग पहिल्या झटक्यात सुचलेले विनोद लिहून काढले. पँट मिळेपर्यंत फॅशन बदलेल. पँट नातवाला होईल. या दोन्हींवर लगेच काट मारली. पहिल्यांदा जे मला सुचतं ते ऐकणाऱ्यालाही सुचलेलं असतं, आणि त्याला आधीच ठाऊक असलेलं सांगून तो हसत नाही.

खरं काम पुढे असतं. ऐकणारा मनात काय धरून बसलाय ते बघायचं. इथे तो धरून बसतो की टेलर लबाड आणि मी बिचारा गिऱ्हाईक. आता तक्रारीतला असा शब्द हवा, ज्याचं दुसरं घर भलतीकडे आहे. त्या घरातून आत शिरलं की मी गिऱ्हाईक राहत नाही, दुसराच कोणीतरी होतो. 'पँट'चं दुसरं घर सापडेना. 'दोन इंच'ला होतं, पण ते घरात वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. राहिलं 'नाळे बर्री'.

आणि पेटली! 1990च्या दशकात कर्नाटकात गावोगावी दारावर, भिंतीवर 'नाळे बा' लिहायचे. रात्री दार ठोठावणारं भूत ते वाचतं, बरं उद्या येऊ म्हणून परत जातं. दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा वाचतं, पुन्हा जातं. म्हणजे माझ्या गोष्टीत लबाड कोणीच नव्हतं. टेलर आपलं दुकान राखत होता.

पहिला खर्डा असा झाला : "टेलर मला रोज नाळे बर्री म्हणतो, त्यामुळे मीच ते नाळे बा वालं भूत आहे असं मला वाटायला लागलं आहे." पुण्याच्या मेव्हण्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बर्री म्हणजे?" चूक माझीच. भिंतीवरची पाटी आधी दाखवायला हवी होती. विनोद झाल्यावर दिलेली माहिती म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. गंमत शेवटच्या शब्दावर फुटायला हवी आणि मराठीत शेवटी क्रियापद येऊन बसतं. 'भूत' म्हटल्यावर माणूस हसायला तोंड उघडतो, तेवढ्यात 'आहे असं मला वाटायला लागलं आहे' ही मालगाडी जाते. गाडी जाईपर्यंत तोंड मिटलेलं असतं. सुदैवाने मराठीत क्रियापद गिळता येतं. दुसरा खर्डा :

"भूत घरात येऊ नये म्हणून आमच्याकडे दारावर 'नाळे बा' लिहायचे. भूत रोज यायचं, वाचून परत जायचं. माझा टेलर मला तेच तोंडी सांगतो. फरक एवढाच, भुताला 'बा', मला 'बर्री'."

यात 'मी भूत' हे शब्दच नाहीत. ते ऐकणाऱ्यानं जोडायचं. वहीत खाली तीन चौकटी काढतो, तीन माणसांना सांगून हसला त्याच्या चौकटीत टिक. बायकोचं हसणं धरत नाही, ती विनोदाला हसते की मला ते लग्नापासून कळलेलं नाही. कट्ट्यावरचा मित्र हसला. मेव्हणा नुसता "बरंय" म्हणाला. 'बा' अरेतुरेचं आणि 'बर्री' आदराचं, हे पुण्यात कुठून कळणार? हा माल खानापूर, निपाणीपर्यंत खपेल, त्यापुढे नाही.

तिसरी चौकट टेलरसाठी ठेवली होती. संध्याकाळी दुकानात उभ्या उभ्या ऐकवला. त्यानं पहिल्यांदाच मशीन थांबवली. माझ्या पायांकडे बघितलं, गळ्यातली टेप काढली, पुन्हा गळ्यात टाकली.

"भुताचे पाय उलटे असतात की वो," तो म्हणाला. "मग माप परत घ्यायला लागतंय. नाळे बर्री."