पोस्टरवरची अक्षरं चुकतात, कारण मॉडेलला अक्षरं दिसतच नाहीत

सध्या फिरणारा सल्ला असा: “चित्र बनवणाऱ्या एआयला शब्द माहीत असतात, तो फक्त निष्काळजी आहे. प्रॉम्प्टमध्ये ‘स्पेलिंग अचूक’ असं ठासून लिहा, ४के क्वालिटी मागा आणि बरोबर येईपर्यंत पुन्हा जनरेट करा. नव्या मॉडेलमध्ये तर हा प्रश्नच उरलेला नाही.”

निष्काळजीपणाचा आरोप आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. तुम्ही लिहिलेला प्रॉम्प्ट चित्रापर्यंत पोहोचायच्या आधी टोकन नावाच्या तुकड्यांमध्ये तुटतो. नेहमीचा इंग्रजी शब्द बहुतेक वेळा अख्खा एकच टोकन होतो, म्हणजे मॉडेलच्या हाती एक क्रमांक पडतो. त्या शब्दात कोणती अक्षरं आहेत, कोणत्या क्रमाने आहेत, हे त्या क्रमांकावर लिहिलेलं नसतं. स्टेबल डिफ्यूजन १.५ या चित्र बनवणाऱ्या मॉडेलमध्ये प्रॉम्प्ट वाचणारा भाग, म्हणजे क्लिप एन्कोडर, तर सगळी इंग्रजी अक्षरं आधी लहान लिपीत करून घेतो. तुम्ही कॅपिटलमध्ये लिहिलंत की नाही, हे पुढे कळतच नाही. मॉडेल शब्दाचा ‘चेहरा’ ट्रेनिंगमधल्या चित्रांवरून आठवतं आणि तसा काहीतरी आकार काढतं.

देवनागरीत ही अडचण दुप्पट होते. समजा पोस्टरवर मथळा हवाय: ‘प्रवेश विनामूल्य’. जागा सोडून यात युनिकोडची १५ चिन्हं आहेत आणि प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ४५ बाइट. क्लिपचा टोकन पाडणारा भाग, म्हणजे टोकनायझर, मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बेतलेला, त्यामुळे हा मथळा बारीक तुकड्यांत फुटतो आणि त्या तुकड्यांना स्वतःचा अर्थ नसतो. वर ‘वि’मधली वेलांटी साठवताना ‘व’नंतर येते, पण दिसते आधी. ‘ल्य’साठी ल, हलन्त आणि य मिळून एक आकार तयार व्हावा लागतो. वर्ड प्रोसेसरमध्ये हे काम शेपिंग इंजिन करतं. चित्र काढणाऱ्या मॉडेलमध्ये असं इंजिन नसतंच. म्हणून ‘ल्य’च्या जागी नुसता ‘ल’ येतो, ऊकार हरवतो, नाहीतर कुठल्याच लिपीत नसलेलं जोडाक्षर उगवतं. आणि वर शिरोरेषा इतकी सफाईदार असते की पहिल्या नजरेला सगळं ठीकच वाटतं!

‘स्पेलिंग अचूक’ लिहिल्याने काय होतं? जवळपास काहीच नाही. ज्या माहितीची मुळात वानवा आहे, ती सूचना देऊन निर्माण होत नाही. उलट क्लिपला एका वेळी ७७ टोकनच घेता येतात, त्यातली दोन सुरुवात आणि शेवट यांत जातात. तुमचा आग्रह त्याच जागेत बसतो आणि प्रॉम्प्ट लांबला तर शेपूट छाटलं जाऊ शकतं. मथळा अवतरणचिन्हांत, सुरुवातीलाच आणि छोटा ठेवणं त्यापेक्षा कामाचं.

४के मागण्याचंही तेच. स्टेबल डिफ्यूजन १.५ मध्ये ५१२ × ५१२ पिक्सेलचं चित्र ६४ × ६४ चौकोनांच्या जाळीवर बनतं, म्हणजे एका चौकोनाच्या वाट्याला ८ × ८ पिक्सेल. २४ पिक्सेल उंचीचं अक्षर तीन चौकोनांत बसवायचं, त्यातच काना, मात्रा, अनुस्वार. प्रॉम्प्टमध्ये ‘४के’ लिहून ही जाळी बारीक होत नाही. नंतर अपस्केल केलंत, तर चुकलेलं अक्षर फक्त जास्त स्पष्ट दिसतं.

पुन्हा जनरेट करण्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि हिशेब केला की त्याची मर्यादाही दिसते. धरून चालू की एकेक अक्षर बरोबर येण्याची शक्यता ९५ टक्के आहे. मग १० अक्षरांचा मथळा पूर्ण बरोबर येण्याची शक्यता साधारण ६० टक्के. दोन-तीन प्रयत्नांत काम होईल. ३० अक्षरांना तीच शक्यता २१ टक्क्यांवर येते. पत्ता, वेळ, फोन नंबर असा बारीक मजकूर असेल तर नाद सोडा. आकडा चुकला तर तो शब्दासारखा ‘विचित्र’ही वाटत नाही, म्हणून छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

नवी मॉडेल्स सुधारली आहेत, हे खरं. २०२२ मध्ये गूगलच्या ‘पार्टी’ नावाच्या चित्र बनवणाऱ्या मॉडेलने दाखवलं की छोट्या मॉडेलला न जमणारी पाटी २० अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलला जमते. २०२४ च्या स्टेबल डिफ्यूजन ३ मध्ये क्लिपच्या जोडीला प्रॉम्प्ट वाचायला टी५ हा मोठा एन्कोडर आला. पण या सुधारणेचा मोठा वाटा इंग्रजीतल्या छोट्या मथळ्यांच्या पदरात पडला. ट्रेनिंगमध्ये देवनागरी पाट्या कमी असतील, तर जोडाक्षरं तिथेही अडतात.

त्यामुळे मथळ्यासाठी मोकळी जागा ठेवलेलं, मजकूर नसलेलं चित्र बनवून घ्यावं आणि अक्षरं गिंप किंवा इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्टने बसवावीत. अक्षरं चित्राचाच भाग हवी असतील, उदाहरणार्थ निऑनची पाटी, तर सगळं चित्र परत बनवू नका. चुकलेल्या शब्दावरच मास्क टाकून इनपेंट करा, म्हणजे तेवढाच भाग नव्याने बनवून घ्या. तपासताना चित्र मोठं करून शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचा. सरळ वाचताना डोळे गाळलेला ऊकार आपणहून भरून घेतात.