चार्जरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

"भावांनो, लिथियम बॅटरी टाकली म्हणून नवीन चार्जर घेऊ नका. जुना 48 चा चार्जर 48 च्या बॅटरीले चालतेच, पिन बसली म्हणजे झालं. जास्त झालं तं आतली बीएमएस कट करते. हिरवा लाइट लागला की करंट बंद, म्हणून रात्री घरात लावा अन् बिनधास्त झोपा. गाड्या जळतात त्या उन्हानं. सगळ्या ग्रुपवर टाका."

माझं आर्वीकडे बाजाराच्या गावी मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. गेली काही वर्षं पंपाच्या मोटरींसोबत ई-स्कूटरही दुरुस्तीला येतात. हा मेसेज मला एकाच आठवड्यात चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरचाच. त्यामुळे सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या 48 च्या आकड्यापासून. हा आकडा म्हणजे बॅटरीचं नाव समजा. चार्जर किती व्होल्टवर थांबतो ते त्यात कळत नाही. आपल्याकडच्या कमी वेगाच्या, पासिंग न लागणाऱ्या बहुतेक गाड्या शिशाच्या चार बॅटऱ्यांवर आल्या. बारा चोक 48. पण शिशाची बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला साधारण 14.7 व्होल्ट लागतात, म्हणून तिचा चार्जर 59 च्या आसपास जातो. आता दीड-दोन वर्षांनी त्या बॅटऱ्या बसतात आणि माणूस त्यांच्या जागी लिथियमचा पॅक टाकतो. त्यावरही 48 च लिहिलेलं असतं. आत मात्र बहुधा तेरा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेलची हद्द 4.2 व्होल्ट असते. तेरा गुणिले 4.2 म्हणजे 54.6. या पॅकचा चार्जर 54.6 ला थांबलाच पाहिजे. जुना 59 चा लावला तर तो सेलमागे साडेचार व्होल्टपर्यंत ढकलत राहतो.

तीन दशांश व्होल्टने काय बिघडतं, असं वाटेल. लिथियमच्या सेलमध्ये बिघडतं. हद्दीपलीकडे भरताना लिथियम आत मुरण्याऐवजी पट्टीवर धातू होऊन साचतो, आतलं द्रावण फुटून वायू होतो, सेल तापतो. एका टप्प्यानंतर ती उष्णता स्वतःच वाढत जाते. मग प्लग काढूनही ती थांबत नाही.

यातही एक गुंता आहे. लिथियम फॉस्फेटचा पॅक असेल तर त्यात बहुधा सोळा सेल असतात, प्रत्येकी 3.65 व्होल्टचे, आणि तो 58.4 ला भरतो. म्हणजे लिथियम म्हटलं की 54.6 असंही नाही. पॅक देणाऱ्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: किती सेल, कोणत्या जातीचे. त्याला सांगता येत नसेल तर तो पॅक घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

आता चार्जर हातात घ्या. मागच्या पट्टीवर इनपुट आणि आउटपुट असं लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापलेला 48 सोडा, आउटपुटचा आकडा वाचा. पट्टी पुसली गेली असेल तर मल्टिमीटर डीसीच्या 200 वर ठेवून पिनेवर बघा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्ट दाखवतच नाहीत. तेव्हा दुकानात बॅटरीला जोडून शेवटपर्यंत बघावं लागतं.

पिनेचं तर विचारूच नका. पुष्कळ स्वस्त गाड्यांना कॉम्प्युटरच्या केबलसारखी तीन दांड्यांची पिन असते. ती सगळ्यांना बसते, हीच तिची खोट. एका बनावटीत ज्या दांडीवर प्लस, दुसऱ्यात तिथेच मायनस. उलट लागलं तर फ्यूज, चार्जर किंवा बीएमएस, म्हणजे पॅकमधलं सेलांवर नजर ठेवणारं सर्किट, यांपैकी काहीतरी जातं. आणि घरात कॉम्प्युटर असेल तर त्याची खरी केबल, थेट 230 व्होल्टची, त्याच खाचेत आरामात शिरते. माझ्या ओळखीच्या एका घरी पोराने ती लावायला नेली होती; आईने हातातून ओढली. तेव्हापासून मी प्रत्येक चार्जरच्या पिनेला लाल टेप गुंडाळून देतो.

बीएमएसबद्दल मेसेजमधलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. कोणताही एक सेल सव्वाचारच्या आसपास गेला की चांगली बीएमएस चार्जिंग तोडते. पण ती दाराची शेवटची कडी. चार्जर दार आहे. एक प्रकरण सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एक काका स्कूटर घेऊन आले. लिथियम पॅक टाकून आठ महिने झाले होते. म्हणाले, "भाऊ, पहिले दोनदा वर्ध्याच्या फाट्यापर्यंत जाऊन येत होतो, आता एकदा गेलो की धाकधूक होते. चार्जर तं हिरवा दाखवते." चार्जर जुनाच होता. मोजला तर 58.9 व्होल्ट. गाडी माझ्यासमोर चार्जिंगला लावली. बरोबर चार्जर असता तर शेवटी व्होल्ट 54.6 वर स्थिर राहून करंट हळूहळू उतरायला हवा होता. इथे करंट शेवटपर्यंत पूर्ण होता आणि मग एका क्षणात शून्य. लाइट लाल होता तो फटकन हिरवा. पॅकचे व्होल्ट त्या वेळी 53.1. म्हणजे भरलाही नव्हता. पॅक उघडून सेलांच्या तारांवर मीटर लावला: बारा जागी 4.07 च्या आसपास आणि एका जागी 4.25. त्या एका सेलगटाने बीएमएसला कडी लावायला लावली होती.

असं का होतं? सेल काही एकसारखे राहत नाहीत, थोडे पुढेमागे होतात. चार्जिंगच्या त्या शेवटच्या संथ टप्प्यात बीएमएस पुढे गेलेल्या सेलमधून थोडा करंट गाळून बाकीच्यांना गाठू देते. हे काम फार हळू चालतं. चुकीच्या चार्जरने तो टप्पाच येत नाही, धाडकन कट. रोज थोडं अंतर वाढतं, गाडी कमी चालते, आणि तोच एक सेल रोज हद्दीवर जाऊन आदळतो. काकांच्या पॅकला आठ महिने रोज शेवटची कडीच वाचवत होती. स्वस्त बीएमएसमधला मॉस्फेट, म्हणजे करंट तोडणारा स्विच, जळतो तेव्हा तो अनेकदा चिकटून चालूच राहतो. तसं झालं असतं तर साडेचार व्होल्ट गेले असते. हिरवा लाइट तेव्हाही लागला असता, फक्त सेल गच्च भरल्यावर. त्या लाइटला एवढंच कळतं की करंट कमी झाला. तो का कमी झाला, हे त्याला ठाऊक नसतं.

(पॅक उघडणं माझं काम आहे. घरी पेचकस घेऊन हे करू नका. आत ठिणगी पडायला एक स्क्रू पुरतो.)

काकांनी नवा चार्जर घेतला, 54.6 व्होल्ट, 5 अँपिअर. सलग काही दिवस पूर्ण चार्ज केल्यावर तो सेल बाकीच्यांच्या बराच जवळ आला. सगळेच पॅक असे वाचत नाहीत.

उलटी चूकही होते: शिशाच्या बॅटऱ्यांना लिथियमचा चार्जर. त्यात आगीची भीती कमी, पण बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि ती लवकर मरते.

रात्रीची सवय शिशाच्या बॅटरीने लावली. तिला आठ-दहा तास लागायचे. 24 अँपिअर-अवरचा लिथियम पॅक 5 अँपिअरच्या चार्जरवर रिकामा असला तरी पाच-साडेपाच तासांत होतो, आणि तो रोज रिकामा कुठे होतो? शेतातून पाचला आलात, तासभर गाडी थंड होऊ दिलीत, सहाला लावली, तर बहुतेक दिवशी नऊच्या आत काढता येते. जेवणं होईपर्यंत माणसं जागीच असतात. लाइन गेली तर प्लग काढा. परत येताना येणारा झटका चार्जरने का खावा? आणि कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डवर चार्जर लावू नका. एवढा चार्जर दीड अँपिअरच्या आसपासच ओढतो, भार त्याचा नसतो, पण ढिल्या पिनेत तोही तासन्‌तास तापतो. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर सॉकेट बदला.

उन्हाबद्दल. मार्च 2022 मध्ये तामिळनाडूत वेल्लोरला रात्री घरी चार्जिंगला लावलेली ई-बाइक पेटली आणि बाप-लेक धुराने गुदमरून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या वसईत चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे घरात फुटली. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. दोन्ही वेळा ऊन नव्हतं. ऊन निर्दोष आहे असं मात्र नाही. बहुतेक लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि नवतप्यात आपल्या टिनाच्या शेडमधली हवाच तिथे पोचलेली असते. त्या दिवसांत पहाटे उठल्यावर चार्ज करा.

जागेचं मी जरा हट्टाने सांगतो, कारण आपल्याकडे भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच असतो. कापसाच्या खोलीत, कुटाराच्या कोठ्यात, जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारात गाडी लावू नका. सपरी सगळ्यात चांगली: वर सावली, तीन बाजूंनी वारा, खाली फरशी. शिशाच्या बॅटऱ्या असतील तर वारा आणखी गरजेचा, कारण चार्जिंगच्या शेवटी त्यातून हायड्रोजन निघतो, हलका म्हणून छताखाली साचतो, आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर बॅटरी उकळते आहे. लाइट-पंख्याच्या बटणाला हात न लावता दारं उघडा आणि पुरवठा बाहेरच्या मेनवरून बंद करा.

लिथियम पॅक बिघडताना बहुधा आधी खुणा देतो: केस फुगतं, गोडसर थिनरसारखा वास येतो, फुसफुस ऐकू येते, पांढरा-करडा धूर निघतो. धूर दिसला की गाडी ओढायला जाऊ नका. मेन सहज हाताशी असेल तर पाडा, माणसं आणि ढोरं बाहेर काढा, 101 किंवा 112 ला फोन करा. तो धूर विषारी असतो. आग विझली तरी पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो उचलून घरात आणायचा नाही.

काकांचा तो 58.9 वाला चार्जर माझ्याकडेच आहे. त्यांनी परत मागितला होता, "दुसऱ्याले कामी येईन" म्हणून. मी वायर कापून ठेवला.