पीडीएफ/ए आणि ‘पास’चा शेरा: एका संदेशाचा प्रतिवाद

“जुने अहवाल, ठराव, उतारे सगळे पीडीएफ/ए करून ठेवा. फाइल उघडल्यावर वर निळी पट्टी दिसली की ती प्रमाणित समजा. व्हॅलिडेटरने पास केले की पन्नास वर्षांनीही मजकूर जसाच्या तसा मिळणार. मग मूळ फाइल आणि कागद सांभाळत बसू नका. आणि घ्यायचाच तर सर्वांत नवा प्रकार घ्या.”

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील वाचनालये व सोसायट्या यांच्या गटांत हा संदेश बरेच दिवस फिरत आहे. त्याच्या पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. दीर्घकाळ ठेवायच्या दस्तऐवजासाठी साध्या पीडीएफपेक्षा पीडीएफ/ए निश्चितच बरी, कारण पान दाखवण्यासाठी लागणारे सर्व काही फाइलच्या आतच असले पाहिजे, अशी तिची मूळ अट आहे. पुढच्या चारही वाक्यांना मात्र हरकत घ्यावी लागते.

निळ्या पट्टीचे आधी उरकून टाकू. फाइलच्या आत एक्सएमपी नावाचा माहितीचा भाग असतो आणि त्यात पुढील दोन ओळी लिहिलेल्या असतात.

```
<pdfaid:part>2</pdfaid:part>
<pdfaid:conformance>B</pdfaid:conformance>
```

पहिली ओळ पीडीएफ/एचा भाग सांगते आणि दुसरी त्यातील पातळी; दोन्ही मिळून ‘२बी’ हा प्रकार होतो. वाचकप्रणाली या ओळी पाहते आणि पट्टी दाखवते. आतले फॉन्ट, रंग किंवा चित्रे ती त्या वेळी तपासत नाही. त्या ओळी म्हणजे फाइलने स्वतःबद्दल केलेला दावा आहे आणि तो कोणतेही सॉफ्टवेअर, चुकीच्या फाइलमध्येसुद्धा, लिहू शकते. दाव्याची तपासणी हे वेगळे काम असून त्यासाठी व्हेरापीडीएफ हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. ते चालवताना कोणत्या प्रकारासाठी तपासायचे हे आपणच सांगावे, कारण न सांगितल्यास ते फाइलच्या दाव्यावरून प्रकार ठरवते.

```
verapdf --flavour 2b --format text ahawal.pdf
```

उत्तरात `PASS` किंवा `FAIL` येते. `FAIL` आल्यास `--format text` काढून तीच आज्ञा पुन्हा द्यावी, म्हणजे कोणते कलम मोडले हे सविस्तर दिसते.

आता संदेशाच्या गाभ्याकडे, म्हणजे मजकुराच्या हमीकडे येतो. ही हमी किती पोकळ आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका सोसायटीचा २००३ सालचा वार्षिक अहवाल माझ्याकडे आला होता. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सभासदांसाठीचा मजकूर मराठीत आणि लेखापरीक्षणाचा भाग कन्नडमध्ये होता. मराठी मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये आणि कन्नड मजकूर नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेला होता. हे दोन्ही युनिकोडपूर्व पद्धतीचे फॉन्ट आहेत. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी देवनागरी किंवा कन्नड अक्षर नसतेच. असते ते रोमन अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी आपले चित्र दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘ठराव’ हा शब्द प्रत्यक्षात `Bjko` असा साठवलेला असतो.

ती मूळ पीडीएफ पहिल्या तपासणीत नापास झाली. कलम ६.२.११.४.१ मोडले होते, म्हणजे पानावर वापरलेला फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत केलेला नव्हता. ज्या संगणकावर अहवाल तयार झाला, तिथे तो नीट दिसत असणार. कृतिदेव नसलेल्या संगणकावर मात्र सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव’ऐवजी `Bjko` छापून येत होते. इथे तपासणीने आपले काम चोख केले, हे मान्य केले पाहिजे. फॉन्ट आत आहे का, त्यातील अक्षरांच्या रुंदीचे आकडे फाइलमधील आकड्यांशी जुळतात का, रंगांचा अर्थ ठरवणारे आयसीसी प्रोफाइल जोडलेले आहे का, फाइलवर पासवर्ड आहे का, आत जावास्क्रिप्ट आहे का, असे प्रश्न ती विचारते. या प्रश्नांना बांधून एकच सूत्र आहे: पान उद्या दुसऱ्या यंत्रावर आजच्यासारखेच दिसेल का?

जुन्या अक्षरजुळणी केंद्रातून फॉन्ट मिळवून, तो अंतर्भूत करून नवी फाइल बनवली आणि ती २बी या पातळीवर पास झाली. दिसायला अहवाल निर्दोष होता. त्यानंतर मी फाइलमधील मजकूर बाहेर काढून पाहिला.

```
pdftotext ahawal.pdf -
```

पडद्यावर पुन्हा `Bjko`च आले. म्हणजे या फाइलमध्ये ‘ठराव’ शोधला तर एकही जागा सापडणार नाही, मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर कचरा येईल, आणि दृष्टिहीन सभासदाचे वाचनयंत्र निरर्थक रोमन अक्षरे उच्चारील. तरीही फाइल नियमानुसार आहे, कारण बी पातळी केवळ दिसण्याची हमी मागते. अक्षरांमागील युनिकोडबद्दल ती काही विचारत नाही.

यावर जाणकार म्हणतील की यू पातळी घ्या, कारण तिच्यात प्रत्येक अक्षरचिन्हासाठी युनिकोड मूल्य असणे सक्तीचे आहे. मीही तसेच केले, आणि हाच अहवाल २यू पातळीवरसुद्धा पास झाला! याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. या फाइलमध्ये कृतिदेव हा साधा रोमन संकेत वापरणारा फॉन्ट म्हणून नोंदलेला होता आणि त्या संकेतातील `B` या चिन्हाला युनिकोडमध्ये ‘B’ हे मूल्य आधीपासूनच आहे. नियमाला मूल्य हवे होते, ते मिळाले. फॉन्टच्या आत `B`च्या जागी ‘ठ’चे चित्र काढलेले आहे हे तपासणीला दिसत नाही, कारण ती चित्र वाचत नाही. मूल्य आहे की नाही आणि ते शून्यासारख्या निषिद्ध मूल्यांपैकी एक आहे का, एवढेच ती पाहते.

युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठीलाही हा धोका थोड्या प्रमाणात आहे. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी टंकतो, पण पानावर वेलांटी आधी येते. जोडाक्षरांत तर दोन-तीन अक्षरांचे मिळून एकच चिन्ह होते. पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने हा क्रम नीट नोंदवला नाही, तर पान सुबक दिसते, तपासणी पास होते आणि बाहेर काढलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात. म्हणून दर गठ्ठ्यातील दोन-चार फाइलींचा मजकूर `pdftotext`ने काढून पानाशी ताडून पाहणे याला पर्याय नाही. हे काम मराठी आणि कन्नड या दोन्ही लिपी वाचता येणाऱ्या माणसाचे आहे.

त्या अहवालाचे पुढे आम्ही असे केले. पास झालेली, पण आतून रोमन असलेली फाइल दृश्य प्रत म्हणून ठेवली, कारण सभासदांच्या हातात गेले ते पान तसेच दिसत होते. मजकूर मूळ अक्षरजुळणीच्या फाइलमधून युनिकोडमध्ये रूपांतरित केला, दोघांनी तो छापील प्रतीशी ताडून पाहिला आणि वेगळी मजकूर-फाइल म्हणून शेजारी ठेवला. मूळ फाइल संदेशातील सल्ल्याप्रमाणे फेकून दिली असती, तर हे रूपांतर पुन्हा टंकनापासून करावे लागले असते.

मूळ प्रती ठेवू नका या सल्ल्याचा खरा धोका स्कॅन केलेल्या कागदांत आहे. आपल्याकडच्या संस्थांत १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीची, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात असतानाची, मराठी आणि कधी मोडीतील दप्तरे अजून आहेत. ती स्कॅन करताना फाइल लहान व्हावी म्हणून काही यंत्रे जेबिग२ ही संकोचन पद्धत वापरतात. तिच्या हानिकारक प्रकारात एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्या शोधून त्या सर्वांच्या जागी एकच आकृती ठेवली जाते. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर दाखवून दिले की यामुळे स्कॅनमध्ये ६ चा ८ होऊ शकतो, आणि तोही धूसर न होता अगदी स्वच्छ, ठसठशीत. फिकट शाईतील १ आणि ९ यांबाबत जमाखर्चाच्या वहीत असे झाले, तर काय होईल हे सोसायटीच्या चिटणिसाला सांगायला नको. जेबिग२ पीडीएफ/एमध्ये मान्य आहे, त्यामुळे अशी फाइल निर्वेधपणे पास होते. ती ओळखण्यासाठी ही आज्ञा वापरावी.

```
pdfimages -list wahi.pdf
```

`enc` या रकान्यात `jbig2` दिसले, तर ते हानिकारक होते की निर्दोष हे आज्ञा सांगत नाही. अशा वेळी यंत्राच्या मांडणीत जाऊन ती पद्धत बंद करावी आणि पाने पुन्हा स्कॅन करावीत. स्वच्छ छापील पानांसाठी हानिरहित ‘ग्रुप ४’ पद्धत पुरेशी आहे. उडालेल्या शाईची पाने करड्या छटांत किंवा रंगीत, निदान ३०० डीपीआयला घ्यावीत. पुन्हा स्कॅन करता येण्यासाठी कागद मात्र जागेवर असावा लागतो.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या उताऱ्याबाबत तर रूपांतर हेच नुकसान आहे. स्वाक्षरी फाइलमधील ठरावीक बाइटांवर केलेली असते. पीडीएफ/ए बनवताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि स्वाक्षरी निरुपयोगी होते. असा उतारा मिळाला तसाच ठेवावा.

प्रकाराच्या निवडीविषयीचे शेवटचे वाक्य उरले. पीडीएफ/एचे भाग २००५, २०११, २०१२ आणि २०२० साली आले, पण नवा भाग म्हणजे जुन्याची सुधारलेली आवृत्ती नव्हे. आधीचे भाग रद्द झालेले नाहीत. पहिल्या भागात पारदर्शकता आणि जेपेग२००० चालत नाहीत, दुसऱ्यात चालतात. तिसऱ्याचा दुसऱ्याहून खरा फरक एवढाच की त्यात कोणत्याही प्रकारची फाइल जोडता येते, आणि तपासणी त्या जोडलेल्या एक्सेल किंवा वर्ड फाइलच्या आत काय आहे हे पाहत नाही. चौथ्यात बी-यू-ए या पातळ्याच नाहीत. माझ्या मते आपल्यासारख्या लहान संस्थांनी स्कॅनसाठी २बी आणि युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुरासाठी २यू घ्यावे. स्वाक्षरीचा मूळ उतारा किंवा हिशोबाची मूळ फाइल दस्तऐवजाच्या पोटातच ठेवायची असेल, तेवढ्यापुरता तिसरा भाग वापरावा आणि आत काय जोडले आहे हे नोंदवहीत स्वतंत्रपणे लिहावे.